खरेदीखत किंवा भाडेकरारावर मुद्रांक शुल्क कमी भरल्याची नोटीस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दस्त नोंदवून दोन-तीन वर्षे उलटतात, घराचे हप्ते सुरू असतात आणि एक दिवस पोस्टाने पाकीट येते: ‘आपल्या दस्तास मुद्रांक शुल्क कमी पडले आहे.’ त्यानंतर लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. सगळी उत्तरे महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत दस्तांपुरती आणि महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ च्या आधारे आहेत. एकाच गोष्टीची दोनदा फोड टाळण्यासाठी प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. ही नोटीस नेमकी कोण पाठवते आणि का?

सही बहुतेक वेळा दोघांपैकी एकाची असते. एक, जिथे दस्त नोंदवला तिथले दुय्यम निबंधक. दुसरे, सह जिल्हा निबंधक वर्ग १, म्हणजेच मुद्रांक जिल्हाधिकारी. नोंदणी विभागाचे तपासणी पथक आणि महालेखापाल कार्यालयाचे लेखापरीक्षक जुने दस्त काढून तपासतात. एखाद्या दस्तात दर चुकला, क्षेत्र कमी धरले किंवा न मिळणारी सवलत दिली असे त्यांना दिसले की ते आक्षेप घेतात. तो आक्षेप कार्यालयाला निकाली काढावाच लागतो आणि त्यासाठी तुम्हाला पत्र येते. नोटीस आली म्हणजे तुम्ही काही लपवले असा आरोप झाला, असे समजू नका. दस्तावर लागलेले शुल्क आणि तपासणाऱ्याच्या हिशोबाने लागायला हवे होते ते शुल्क, यांत फरक निघाला आहे, इतकेच तिचे म्हणणे असते.

२. नोंदणी करताना दुय्यम निबंधकांनीच दस्त तपासला होता. मग चूक त्यांची, पैसे माझ्याकडून का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त रागाने विचारला जाणारा प्रश्न हाच. राग समजण्यासारखा आहे, कारण मूल्यांकन पत्रक त्यांच्याच संगणकावर निघालेले असते. कायदा मात्र दोन गोष्टी वेगळ्या धरतो. नोंदणी झाली म्हणजे दस्त सरकारी अभिलेखात आला. मुद्रांक शुल्क पूर्ण भरले आहे, असे प्रमाणपत्र त्यातून मिळत नाही. ‘चुकीने किंवा अन्यथा’ अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त नोंदला गेला, तर नोंदणी अधिकाऱ्याने नंतर तो मागवून घ्यावा आणि तुमचे म्हणणे ऐकून अटकावून ठेवावा, अशी तरतूद कलम ३३अ मध्ये आहे. म्हणजे कार्यालयाच्या चुकीची शक्यता त्या कलमात आधीच धरलेली आहे.

शुल्क पुरेसे असल्याचे खरे प्रमाणपत्र हवे असेल, तर नोंदणीआधी कलम ३१ खाली अभिनिर्णय करून घ्यावा लागतो, म्हणजे दस्ताला किती शुल्क लागते ते मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून ठरवून घ्यावे लागते. तुमच्या दस्तावर तसा अभिनिर्णय झालेला असेल आणि कलम ३२ चा शेरा असेल, तर प्रश्न १४ आधी वाचा. तुमची बाजू बरीच भक्कम असू शकते.

३. नोटीस खरी आहे हे कसे ओळखायचे?

तिच्यात दस्त क्रमांक, नोंदणीचे वर्ष, दुय्यम निबंधक कार्यालयाचे नाव, जावक क्रमांक आणि तुटीची रक्कम असायला हवी. दस्त क्रमांक आपल्या सूची दोनशी, म्हणजे इंडेक्स टूशी जुळवून पाहा. इंडेक्स टू सापडत नसेल तर विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावरून शोध घेता येतो. मग त्या कार्यालयात जाऊन जावक क्रमांक विचारा. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर ‘आजच्या आज इतके पाठवा, प्रकरण मिटवतो’ असे कोणी म्हणत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. ही रक्कम फक्त शासकीय चलनानेच भरली जाते. पद्धत प्रश्न ९ मध्ये दिली आहे.

४. दंड किती आणि कधीपासून मोजतात?

तुटीच्या रकमेवर दरमहा २ टक्के. सुरू झालेला महिना पूर्ण धरतात. लोकांची गफलत पुढच्या मुद्द्यावर होते. मोजणी नोटिशीच्या तारखेपासून होत नाही, नोंदणीच्या तारखेपासूनही होत नाही. ती दस्ताच्या निष्पादनाच्या, म्हणजे सह्यांच्या तारखेपासून होते. नोटीस हातात पडते तेव्हा दंडाचा मोठा भाग आधीच चढलेला असतो. या दंडाला तुटीच्या चौपट ही कमाल मर्यादा आहे.

अधिकाऱ्याला भेटून ‘थोडा दंड कमी करा’ म्हटल्याने फारसे काही साधत नाही, कारण कलमात सूत्रच दिलेले आहे. दंड टाळण्याचा किंवा कमी ठेवण्याचा मार्ग तीन ठिकाणी सापडतो: तुटीच्या आकड्यात (प्रश्न ५ आणि ६), भरण्याच्या तारखेत (प्रश्न ७) आणि चूक स्वतःहून वर्षाच्या आत दाखवण्यात (प्रश्न ८).

५. खरेदीखतात तूट सहसा कुठे निघते?

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि बाजारमूल्य यांत जे जास्त असेल त्यावर लागते. बाजारमूल्य ठरते वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून, ज्याला आपण सगळे रेडी रेकनर म्हणतो. लोक तक्त्यातला दर पाहतात, पण तक्त्याबरोबर येणाऱ्या मार्गदर्शक सूचना वाचत नाहीत. बहुतेक तुटी तिथेच निघतात: वरच्या मजल्याची वाढ धरलेली नसते, वाहनतळाचे किंवा गच्चीचे मूल्य सुटलेले असते, चटईक्षेत्राचे बांधीव क्षेत्र करताना गुणक चुकलेला असतो, जुन्या इमारतीचा घसारा पुराव्याशिवाय घेतलेला असतो, नाहीतर शेजारच्याच मूल्यविभागाचा दर लागलेला असतो.

म्हणून नोटीस आली की सर्वांत आधी दोन कागद शेजारी ठेवा: नोंदणीच्या वेळचे मूल्यांकन पत्रक आणि आक्षेपातला हिशोब. नोटिशीत नुसता आकडा असेल आणि हिशोब नसेल, तर आक्षेपाच्या परिच्छेदाची आणि सुधारित मूल्यांकनाची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. हिशोब बघितल्याशिवाय ना पैसे भरा, ना हरकत घ्या. तो हिशोब दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. वाहनतळ दोनदा धरलेले, चटईक्षेत्राला गुणक दोनदा लावलेले आक्षेपही येतात.

६. एखादे उदाहरण आकड्यांसह सांगाल का?

समजा, ठाणे महापालिका हद्दीत अकराव्या मजल्यावरची सदनिका आहे, इमारतीला उद्‌वाहन आहे. करारावर सह्या १० नोव्हेंबर २०२२ रोजी झाल्या. किंमत ६५ लाख रुपये. बांधीव क्षेत्र ७० चौरस मीटर आणि त्या विभागाचा दर चौरस मीटरला ९०,००० रुपये धरू. नुसता गुणाकार केला तर बाजारमूल्य ६३ लाख येते. करारातली किंमत त्याहून जास्त, म्हणून ६५ लाखांवर ७ टक्क्यांनी ४,५५,००० रुपये शुल्क भरले गेले. सगळ्यांना वाटले, आपण जास्तच भरले.

तपासणीत मजल्याचा मुद्दा निघाला. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अकराव्या ते विसाव्या मजल्यासाठी दर १० टक्क्यांनी वाढतो. बाजारमूल्य ६९,३०,००० रुपये झाले, म्हणजे करारातल्या किमतीच्या वर गेले. त्यावर ७ टक्के म्हणजे ४,८५,१०० रुपये. तूट ३०,१०० रुपये.

आता दंड. ५ नोव्हेंबर २०२४ ला रक्कम भरली तर चोविसावा महिना चालू असतो. २४ महिन्यांचे ४८ टक्के, म्हणजे १४,४४८ रुपये. एकूण ४४,५४८. हेच ‘बघू नंतर’ करून १५ जानेवारी २०२५ पर्यंत नेले तर २७ महिने धरले जातात आणि दंड १६,२५४ रुपये होतो. दर महिन्याला ६०२ रुपये वाढत जातात.

या उदाहरणात नोंदणी शुल्काची तूट नाही, हेही ध्यानात घ्या. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये असते आणि ते आधीच भरलेले आहे. नोटिशीत नोंदणी शुल्काचाही फरक लावला असेल, तर तुमची मूळ पावती काढून पाहा.

७. मला तूट मान्य आहे. सुनावणीची वाट पाहू की आधीच भरू?

मान्य असेल तर वाट पाहू नका. सुनावणीची तारीख दोनदा पुढे गेली तरी दंडाचे महिने थांबत नाहीत. कार्यालयात लेखी द्या, चलनासाठी रक्कम निश्चित करून घ्या आणि भरा. मजकूर एवढा पुरे:

‘दस्त क्र. … /२०२२ बाबत आपली दि. … ची नोटीस मिळाली. मुद्रांक शुल्कातील तूट रु. … मला मान्य आहे. निष्पादनाच्या दिनांकापासून आजपर्यंतच्या दंडासह भरणा करावयाची एकूण रक्कम कळवावी. भरणा केल्यावर दस्तावर तसा शेरा मिळावा.’

एका प्रतीवर पोच घ्या. तूट थोडीच मान्य असेल, म्हणजे मजल्याची वाढ मान्य पण वाहनतळाचे मूल्य अमान्य असेल, तर तेही मुद्देसूद लिहा. ‘सर्व आक्षेप अमान्य’ असे सरसकट लिहिले की जे नक्की चुकलेले आहे त्यावरचा दंडही वादासोबत वाढत राहतो.

८. अजून नोटीस आलेली नाही, पण शुल्क कमी भरल्याचे माझ्याच लक्षात आले. आता काय करू?

तुमच्याकडे या पानावरचा सर्वांत चांगला पर्याय आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. कलम ४१ सांगते की निष्पादनापासून एका वर्षाच्या आत तुम्ही स्वतःहून दस्त मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांपुढे नेला, शुल्क कमी असल्याचे त्यांना सांगितले आणि फरक भरायची तयारी दाखवली, तर ते दंडाची कारवाई न करता नुसता फरक स्वीकारू शकतात. त्यासाठी ही उणीव अपघाताने, चुकीने किंवा निकडीमुळे राहिली, हे त्यांना पटले पाहिजे. म्हणून अर्जात चूक कशी झाली ते साध्या शब्दांत लिहा आणि मूल्यांकन पत्रक जोडा.

‘स्वीकारू शकतात’ असे आहे, ‘स्वीकारलेच पाहिजे’ असे नाही. वर्ष उलटले की हा मार्ग बंद होतो. आणि नोटीस हातात पडल्यावर ‘स्वतःहून आलो’ म्हणणे अवघड जाते. त्यामुळे गेल्या वर्षभरात खरेदी केली असेल तर मूल्यांकन पत्रक आजच काढून मजला, वाहनतळ, क्षेत्र आणि विभाग या चार गोष्टी तपासा.

९. रक्कम भरायची कशी? भरल्यावर काय घ्यायचे?

शासनाच्या gras.mahakosh.gov.in या ग्रास प्रणालीवर नोंदणी व मुद्रांक विभाग निवडून चलन करता येते. नोटीस देणाऱ्या कार्यालयाकडून लेखाशीर्ष आणि रकमेची विभागणी, म्हणजे तूट किती आणि दंड किती, लिहून घ्या. चलनात दस्त क्रमांक आणि वर्ष टाका. पक्षकाराचे नाव दस्तातल्यासारखेच लिहा. चुकीच्या शीर्षाखाली गेलेले पैसे परत वळवून घेणे हे स्वतंत्र दुखणे होऊन बसते.

चलन भरून घरी जाऊ नका. मूळ दस्त घेऊन कार्यालयात या आणि शुल्क व दंड भरल्याचा शेरा दस्तावर घ्या. कलम ४२ मध्ये या शेऱ्याची तरतूद आहे. पुढे घर विकताना खरेदीदाराचा वकील किंवा बँक बघेल तो हाच शेरा. नुसती चलनाची झेरॉक्स पुढे केली की प्रश्न विचारले जातात. आक्षेप निकाली निघाल्याचे पत्रही मागून ठेवा.

१०. मूळ दस्त बँकेकडे तारण आहे. दाखवायचा कसा?

नोटिशीची प्रत जोडून बँकेला पत्र द्या. दस्त सोडत नसतील तर बँकेचा कर्मचारी तो घेऊन कार्यालयात येतो किंवा बँक साक्षांकित प्रत आणि पत्र देते. कोणता मार्ग चालेल ते कार्यालयात आधी विचारून घ्या. दस्त हजर केला नाही म्हणजे कारवाई अडते, असे मात्र नाही. मूळ दस्त आला नाही तर नोंदणी अभिलेखातली खरी प्रतच मूळ दस्त समजावी, असे कलम ३३अ मध्येच लिहिले आहे.

११. भाडेकराराला तूट कशी निघते? तिथे तर शुल्क हजार-दोन हजारच असते.

लीव्ह अँड लायसन्स करारावर ०.२५ टक्का शुल्क आहे, पण कशावर, ते नीट पाहा: संपूर्ण मुदतीचे एकूण भाडे, परत न मिळणारी कोणतीही रक्कम आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज. यातली वार्षिक भाडेवाढ आणि अनामतीवरचे व्याज या दोन गोष्टी सुटतात.

समजा, करार ३६ महिन्यांचा आहे. भाडे पहिल्या वर्षी २०,०००, दुसऱ्या वर्षी २२,०००, तिसऱ्या वर्षी २४,२०० रुपये आणि अनामत १ लाख. एकूण भाडे ७,९४,४०० रुपये होते. अनामतीचे व्याज वर्षाला १०,००० प्रमाणे ३०,०००. मिळून ८,२४,४०० आणि त्याचा ०.२५ टक्का म्हणजे २,०६१ रुपये. पहिल्याच वर्षाचे भाडे छत्तीसने गुणून आणि अनामत विसरून कोणी १,८०० रुपये भरले असतील, तर तूट २६१ रुपयांची. रक्कम किरकोळ आहे. पण पुढे अनामत परत मिळण्यावरून भांडण न्यायालयात गेले, तर अपुऱ्या मुद्रांकाचा करार पुराव्यात वाचला जात नाही. कलम ३४ प्रमाणे आधी तूट आणि दंड भरावा लागतो. एवढ्याशा रकमेसाठी तारीख वाया घालवण्यापेक्षा ती आधीच भरलेली बरी.

१२. आमच्या दुकानाच्या लीव्ह अँड लायसन्सला एकदम नव्वद हजारांची तूट काढली आहे. हे कसे शक्य आहे?

करारातली मुदत बघा. ०.२५ टक्क्याचा दर ६० महिन्यांपर्यंतच्याच करारांना आहे. मुदत त्याहून जास्त असेल तर दस्ताचे नाव काहीही असो, शुल्क भाडेपट्ट्यासारखे लागते. भाडेपट्ट्याचा हिशोब भाड्यावर होत नाही, मालमत्तेच्या बाजारमूल्यावर होतो. पाच वर्षांपर्यंत बाजारमूल्याच्या १० टक्क्यांवर, पाच ते दहा वर्षांसाठी २५ टक्क्यांवर, दहा ते एकोणतीस वर्षांसाठी ५० टक्क्यांवर आणि त्यापुढे ९० टक्क्यांवर खरेदीखताचा दर लागतो.

समजा, दुकान ७२ महिन्यांसाठी दिले, भाडे महिना ४०,००० आणि अनामत ३ लाख. ०.२५ टक्क्याने ७,६५० रुपये भरले गेले. दुकानाचे बाजारमूल्य ८० लाख असेल, तर सहा वर्षांच्या मुदतीमुळे त्याचे २५ टक्के म्हणजे २० लाख धरले जातील. त्यावर ५ टक्के मूळ दराने १ लाख रुपये. तूट ९२,३५० रुपये. चूक मुदतीतल्या १२ महिन्यांची, पण तिने हिशोबाची पद्धतच बदलली.

अशा नोटिशीत बाजारमूल्य कसे काढले ते आवर्जून तपासा (प्रश्न ५). तूट मोठी असल्यामुळे मूल्यातला छोटा फरकही इथे रकमेत दिसतो. नोंदणीकृत भाडेपट्टा असेल, तर नूतनीकरणाचा काळ दस्तात स्पष्ट लिहिलेला असल्यास तोही मुदतीत मिळवतात, हे ध्यानात ठेवा.

१३. पैसे कोणी भरायचे? विकणाऱ्याने की घेणाऱ्याने, मालकाने की भाडेकरूने?

दस्तात जे ठरले असेल ते आपापसात बांधील. दस्त गप्प असेल तर कलम ३० प्रमाणे खरेदीखतात खरेदीदाराने आणि भाडेपट्ट्यात पट्टेदाराने, म्हणजे भाडेकरूने. लीव्ह अँड लायसन्समध्ये ‘मुद्रांक व नोंदणीचा खर्च कोणी करायचा’ असे कलम बहुधा असतेच, ते वाचा. अकरा महिन्यांचा असला तरी लीव्ह अँड लायसन्स नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मालकाची आहे. ती नोंदणीची जबाबदारी आहे, शुल्क कोणाच्या खिशातून जावे हा प्रश्न वेगळा.

घर तुम्ही नंतर विकले असेल तरी तुमच्या दस्तावरची तूट तुमच्याच नावे राहते. नवा मालक मात्र आपल्या साखळीतला दस्त स्वच्छ व्हावा म्हणून मागे लागेल आणि त्याचे ते बरोबर आहे.

१४. किती वर्षे जुन्या दस्ताला नोटीस येऊ शकते?

बाजारमूल्य कमी दाखवले असा आक्षेप असेल, तर मुद्रांक जिल्हाधिकारी कलम ३२अ खाली नोंदणीपासून दहा वर्षांच्या आत प्रकरण उघडू शकतात. कलम ३३अ मध्ये मात्र अशी वर्षांची अट लिहिलेली नाही. म्हणून नोटिशीत कोणते कलम टाकले आहे ते आधी वाचा. दस्त बारा वर्षांपूर्वीचा असेल आणि वाद फक्त मूल्याचा असेल, तर मुदतीचा मुद्दा उत्तरात पहिलाच घ्या.

अभिनिर्णय होऊन कलम ३२ चा शेरा मिळालेला दस्त ३२अ खाली असा उघडता येत नाही. त्यावर मुख्य नियंत्रक महसूल प्राधिकारी कलम ५३अ खाली सहा वर्षांच्या आत फेरतपासणी करू शकतात. अशा दस्ताला खालच्या कार्यालयाकडून नोटीस आली, तर अभिनिर्णयाच्या आदेशाची प्रत जोडून ती परत घ्यायला सांगा.

१५. दस्त मार्चमध्ये सही झाला, नोंदणी एप्रिलमध्ये. नोटिशीत नव्या वर्षाचा दर लावला आहे. बरोबर आहे का?

नाही. शुल्क आणि मूल्य सहीच्या तारखेचे. मुद्रांक सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी लागलेला असेल आणि दस्त चार महिन्यांच्या आत नोंदला असेल, तर एप्रिलचा नवा तक्ता त्याला लागू नाही. सहीची तारीख आणि चलनाची तारीख दाखवून हरकत घ्या.

हेच उलट दिशेनेही फिरते. २०२० मध्ये शासनाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळासाठी शुल्क ३ टक्क्यांनी आणि त्यापुढे मार्च २०२१ अखेरपर्यंत २ टक्क्यांनी कमी केले होते. काहींनी डिसेंबरात चलन भरले, पण सह्या जानेवारीत केल्या. चलन डिसेंबरचे असले तरी सही जानेवारीची, म्हणून १ टक्क्याची तूट निघते. तिथे चार महिन्यांची मुदत कामी येत नाही, कारण ती नोंदणीसाठी आहे, सहीसाठी नाही.

१६. पत्नीच्या नावावर १ टक्का सवलत घेतली होती. आता तीच तूट म्हणून मागत आहेत.

महिलांसाठीची १ टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून निवासी घरासाठी आहे आणि खरेदीदार फक्त महिला असतील तरच मिळते. कर्जासाठी पतीचे नाव सहखरेदीदार म्हणून दस्तात आले असेल, तर ती मिळत नाही. ६० लाखांच्या घराला ही तूट ६०,००० रुपयांची होते. पती कर्जात सहअर्जदार असेल पण दस्तात खरेदीदार नसेल, तर सवलत जात नाही. तपासणीत या दोन गोष्टींची गल्लत झाली असेल तर इंडेक्स टू दाखवा. त्यावर घेणाऱ्यांची नावे स्वच्छ दिसतात. सवलतीत घेतलेले घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही ही जुनी अट २०२३ मध्ये काढून टाकली आहे. त्या अटीचा भंग सांगून नोटीस आली असेल, तर विक्री कधी झाली हे पाहून उत्तर द्यावे लागेल.

१७. आधी साठेखताला पूर्ण शुल्क भरले. आता खरेदीखतालाही तूट दाखवत आहेत. दोनदा भरायचे?

एकाच व्यवहारावर दोनदा पूर्ण शुल्क लागत नाही. साठेखतावर खरेदीखताइतके शुल्क भरलेले असेल आणि त्याच पक्षकारांमध्ये त्याच मालमत्तेचे खरेदीखत झाले, तर नंतरच्या दस्ताला नाममात्र शुल्क पुरते. तूट दाखवली जाते ती बहुतेक वेळा खरेदीखतात साठेखताचा दस्त क्रमांक लिहिलेला नसतो म्हणून. साठेखत, त्याचे चलन आणि इंडेक्स टू जोडून उत्तर द्या. पण मधल्या काळात नाव बदलले, म्हणजे साठेखत वडिलांच्या नावे आणि खरेदीखत मुलाच्या नावे झाले, तर तो नवा व्यवहार धरला जाऊ शकतो. अशा वेळी वकिलाला कागद दाखवून मगच उत्तर द्या.

१८. आदेश विरुद्ध गेला. पुढे कुठे?

नुसत्या नोटिशीवर अपील होत नाही, आदेशावर होते. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत मुख्य नियंत्रक महसूल प्राधिकाऱ्यांकडे अपील करता येते. आदेश हातात कधी पडला याची नोंद म्हणून पाकीट फेकू नका, टपालाचा शिक्का जपून ठेवा. अपील करण्याआधी एक साधी बेरीज करा. तूट तीस हजारांची आणि मुद्दा मजल्याच्या वाढीसारखा स्पष्ट असेल, तर वकिलाची फी आणि हरल्यास चढलेला दंड यांत तुम्ही तोट्यात जाता. दर, विभाग, मुदत किंवा दस्ताचा प्रकारच चुकला असेल, तर मात्र जरूर लढा.

१९. नोटिशीकडे दुर्लक्ष केले तर? आणि मी परदेशात असेन तर?

उत्तर आले नाही की एकतर्फी आदेश होतो आणि कलम ४६ प्रमाणे रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. नोटीस दस्तात लिहिलेल्या पत्त्यावर जाते. पुष्कळदा तो जुन्या भाड्याच्या घराचा असतो आणि पाकीट तिथेच पडून राहते. परदेशात किंवा दुसऱ्या शहरात असाल, तर त्या दुय्यम निबंधक कार्यालयाला दस्त क्रमांकासह नवा पत्ता लेखी कळवा. सुनावणीसाठी इथल्या नातेवाइकाला किंवा वकिलाला अधिकारपत्र द्या. भरणा ग्रासवर कुठूनही होतो, पण दस्तावरच्या शेऱ्यासाठी कोणाला तरी कार्यालयात जावेच लागते.

२०. अभय योजना येईल तोपर्यंत थांबू का?

डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली मुद्रांक शुल्क अभय योजना १९८० ते २०२० या काळातल्या दस्तांसाठी होती आणि तिची मुदत २०२४ मध्ये संपली. पुढची येईल की नाही आणि तुमच्या दस्ताचे वर्ष तिच्यात बसेल की नाही, यावर हिशोब मांडता येत नाही. दंड महिन्याला २ टक्के म्हणजे वर्षाला २४ टक्के चढतो. तूट मान्य असेल तर प्रश्न ७ मधले पत्र आणि प्रश्न ९ मधले चलन, हाच मार्ग घ्या.